आनंद कारजला जाताय? डोक्यावरच्या रुमालापासून चौथ्या लावेपर्यंत सगळं नीट समजून घ्या

पुण्यात माझ्यासोबत चार वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलेल्या मैत्रिणीचं लग्न लुधियान्याला होतं, आम्ही ऑफिसमधले अकरा जण गेलो होतो आणि माझी आईपण सोबत होती, कारण त्या मुलीला तिने आपल्या हातचं खूप खाऊ घातलंय. त्यानंतर अजून चार-पाच आनंद कारज बघितले आणि प्रत्येक वेळी आपल्याकडचे लोक तेच प्रश्न विचारतात, कुठे बसायचं, डोक्याला काय बांधायचं, आत्ता काय चाललंय, उठायचं का, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकीचे नियम मग आपोआप कळतात. आनंद कारज म्हणजे गुरु ग्रंथ साहिबच्या हजेरीत होणारं शिखांचं लग्न. गुरु ग्रंथ साहिब हा शिखांसाठी "पवित्र ग्रंथ" एवढाच नाही, ते त्यांचे आत्ताचे, हयात असलेले गुरु आहेत. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी आपल्या नांदेडला देह ठेवायच्या आधी गुरुगादी ग्रंथाला दिली, तेव्हापासून हे असंच आहे. म्हणून लग्न होतं त्या हॉलला दरबार साहिब म्हणतात, वर चांदवा असतो, मागे बसलेला माणूस चौर ढाळत असतो, ग्रंथ सगळ्यांपेक्षा उंच आसनावर असतो. म्हणजे तुम्ही नुसते लग्नाच्या हॉलमध्ये नाही, दरबारात बसलेले असता. पाठ का करायची नाही, पाय का पसरायचे नाहीत, डोकं का झाकायचं, खुर्ची का नसते, सगळ्याचं उत्तर हेच आहे. इथे अग्नी नाही, सप्तपदी नाही, अंतरपाट नाही, मंगलाष्टका नाहीत, पत्रिका आणि मुहूर्तसुद्धा शीख रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, मानत नाहीत. त्यामुळे "मुहूर्त किती वाजताचा आहे" असं विचारू नका, "लावां किती वाजता आहेत" असं विचारा, लावां म्हणजे लग्नाच्या चार फेऱ्या, बहुतेक वेळा उत्तर येईल दुपारी बाराच्या आत. आणि अक्षता बरोबर नेऊ नका, तिथे त्या टाकायची वेळच येत नाही.

आता डोकं झाकणं, कारण गडबड बहुतेक इथूनच सुरू होते. हे बायकांपुरतं आहे असं आपल्याकडे अनेकांना वाटतं, तसं नाही, पुरुष, बायका, मुलं, सगळ्यांनी झाकायचं. आणि हे चपला काढल्यावर सुरू होत नाही, त्याच्या आधी होतं. वरात गुरुद्वाऱ्याच्या दारात आली की ढोल थांबतो आणि मिलनी होते, म्हणजे दोन्हीकडचे लोक एकमेकांना भेटतात, पण त्याच्या आधी ग्रंथी, म्हणजे ग्रंथ वाचणारे सेवक, अरदास करतात, म्हणजे प्रार्थना, आणि अरदासला डोकं झाकलेलं लागतं. आमच्यातल्या पाच जणांचे रुमाल तेव्हा बसमधल्या बॅगेत होते आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे होते, शेवटी मुलीच्या काकांनी कुठूनतरी आणून दिले. तर रुमाल खिशात ठेवा, बॅगेत नको.

पुरुषांनी घाम पुसायचा छोटा हातरुमाल आणू नये, तो टाळूवर ठेवला की वाकताना पडतोच. गुरुद्वाऱ्यात चपला ठेवायच्या जागी, म्हणजे जोडा घरापाशी, मोठ्या रुमालांची टोपली ठेवलेली असते, केशरी किंवा निळे असतात बरेचदा, फुकट घ्यायचे आणि जाताना परत ठेवायचे. बांधायची पद्धत सोपी आहे, चौकोनाची तिरकी घडी घालून त्रिकोण करा, घडीची बाजू कपाळावर भुवयांच्या थोडी वर ठेवा, दोन टोकं कानांवरून मागे नेऊन गाठ मारा आणि मागे लोंबणारं तिसरं टोक गाठीखाली खोचा. क्रिकेटची कॅप किंवा हॅट घालून जाऊ नका, ते तिथे बरोबर मानत नाहीत. आपला फेटा मात्र छान चालतो, ज्यांना बांधता येतो त्यांनी खुशाल बांधून जा, फक्त वर काही झगमगीत लावलं असेल तर आत जाताना काढा, कारण नवरदेवसुद्धा सेहरा आणि कलगी दरबार साहिबच्या बाहेर काढून ठेवतो.

बायकांना साडीचा पदर डोक्यावरून घेतला तरी चालतं, पण माझा अनुभव सांगते, सिल्कच्या साडीचा जरीचा पदर जड असतो आणि केस चापून बसवलेले असले की तो दर दोन मिनिटांनी सरकतो. आईने पैठणी नेसली होती, ती पहिला अर्धा तास एका हाताने पदर धरूनच बसली होती आणि माथा टेकताना तो पूर्ण खांद्यावर आला. मग शेजारच्या एका पंजाबी काकूंनी आपल्या केसांतल्या दोन टिकटॅक पिना काढून कानामागे पदर आणि केस एकत्र पकडून लावल्या, "हुण नहीं डिगदी आंटीजी," म्हणाल्या, आणि खरंच शेवटपर्यंत हलला नाही. त्यामुळे पिना बरोबर ठेवा, नाहीतर वेगळी सुती किंवा जॉर्जेटची ओढणी न्या. साटीनची नको, ती पण घसरते. आणि खांदे-पाय झाकलेले असू द्या, तीन तास जमिनीवर बसायचं आहे हे लक्षात ठेवून कपडे निवडा, टाइट जीन्स आणि गुडघ्यावर येणारा स्कर्ट दोन्ही त्रासाचे.

सिगारेटचं पाकीट, तंबाखू, गुटखा खिशात ठेवूनही आत जायचं नाही, नुसतं ओढायचं नाही असं नाही तर जवळपण बाळगायचं नाही. दारू पिऊन तर अजिबातच नाही, आदल्या रात्रीच्या कार्यक्रमात काय असेल ते असेल, सकाळी नाही. चपला काढल्यावर हात धुवायचे. मोजे चालतात का हे गुरुद्वाऱ्यागणिक बदलतं, तिथली पाटी बघा किंवा सेवादाराला विचारा.

मिलनीबद्दल थोडक्यात, कारण पाहुण्याला तिथे बाजूला उभं राहून बघायचंच काम असतं. दोन्ही वडील भेटतात, मग दोन्हीकडचे मामा, मग बाकीचे, नावं पुकारतात, हार घालतात, मिठी मारतात आणि हौशी लोक एकमेकांना उचलूनसुद्धा घेतात. आपल्याकडे व्याही-भेट असते तशीच. मग चहा-नाश्ता होतो आणि सगळे आत जातात.

आत गेल्यावर सरळ समोर चालत जायचं, गुरु ग्रंथ साहिबसमोर गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं, याला माथा टेकणं म्हणतात. समोर गोलक असते, तिथे दहा-वीस रुपये, जे वाटेल ते टाका, नाही टाकले तरी कोणी विचारत नाही. ज्यांना आपल्या श्रद्धेमुळे किंवा गुडघ्यांमुळे माथा टेकायला जमणार नाही त्यांनी हात जोडून, मान खाली करून पुढे गेलं तरी ठीक. मला स्वतःला तिथे माथा टेकताना एक गोष्ट आठवते आणि दर वेळी भरून येतं, या ग्रंथाच्या १४३० पानांमध्ये आपल्या संत नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, आहेत. म्हणजे आपण परक्या कोणासमोर वाकत नाही आहोत. पानाला ते पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात, कारण गुरु आहेत.

बसायचं. बऱ्याच ठिकाणी पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात आणि मधून एक वाट मोकळी असते, पण हा सगळीकडचा कडक नियम नाही, काही ठिकाणी कुटुंबं एकत्र पण बसतात, तर आत गेल्यावर दहा सेकंद थांबून बाकीचे कसे बसलेत ते बघा आणि तसंच करा. मांडी घालून बसा, पाय आखडले तर गुडघे एका बाजूला घेऊन बसा, पण तळवे ग्रंथाच्या दिशेने करायचे नाहीत आणि मागे टेकून पाय लांब करायचे नाहीत. उठून जायचं झालं तर दोन पावलं मागे सरकून मग वळा. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी बहुतेक मोठ्या गुरुद्वाऱ्यांत मागच्या बाजूला किंवा भिंतीलगत बसायची सोय असते, तुमच्यासोबत गुडघेदुखीचं माणूस असेल तर आदल्या दिवशीच घरच्यांना विचारून ठेवा, तिथे जाऊन खुर्ची ओढून मध्ये आणू नका.

अजून एक जागा सांभाळायची. गुरु ग्रंथ साहिब जिथे विराजमान असतात त्या पालखीच्या भोवती चार-पाच फुटांची रिकामी वाट असते, नवरा-नवरीला त्यातून फिरायचं असतं. फोटो चांगला येईल म्हणून बरेच जण तिथे कडेला जाऊन बसतात आणि मग ऐनवेळी सेवादाराला येऊन उठवावं लागतं. ती वाट सोडून बसा.

आता खरं लग्न. आधी कीर्तन चालू असतं. नवरदेव येऊन माथा टेकून समोर बसतो, मग नवरी येते आणि त्याच्या डावीकडे बसते. मग ग्रंथी फक्त नवरा, नवरी आणि दोघांच्या आईवडिलांना उभं राहायला सांगतात आणि एक छोटी अरदास होते. इथे पाहुण्यांनी बसूनच राहायचं. आमच्या अकरापैकी नऊ जण उभे राहिले होते, मागचे सगळे पंजाबी पाहुणे बसलेले आणि आम्ही मध्येच खांबासारखे. हे लोक लग्नाला उभे आहेत, आपण साक्षीला बसलोय, असा तो भाग आहे.

मग पल्ला. नवऱ्याच्या खांद्यावर एक लांब कापड असतं, त्याचं एक टोक नवरीचे वडील, वडील नसतील तर घरातलं दुसरं मोठं माणूस, नवरीच्या हातात देतात. पल्ला म्हणजे आपला पदरच, शब्दसुद्धा किती जवळचा आहे बघा. त्या वेळी रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, जो शबद म्हणतात त्याचा अर्थ असा की स्तुती आणि निंदा दोन्ही मी सोडून दिली, बाकीची सगळी नाती खोटी पाहिली आणि आता तुझ्या पल्ल्याला लागले. यातला "तुझ्या" म्हणजे देव आहे हे लक्षात ठेवा. मी सगळ्या लग्नांत बघितलंय की मुलीचे वडील इथेच रडतात. हॉलमध्ये एकदम शांतता होते. तेवढा वेळ तरी फोन खाली ठेवा.

आणि मग लावां. चार शबद, चार फेऱ्या. हे चौथे गुरु, गुरु रामदास, यांनी लिहिलेत, राग सूहीमध्ये आहेत, अंग ७७३ आणि ७७४ वर. पद्धत अशी की ग्रंथी पहिली लाव ग्रंथातून वाचतात, दोघं बसून ऐकतात, मग माथा टेकून उठतात आणि रागी तीच लाव गायला लागतात, गाणं चालू असताना दोघं गुरु ग्रंथ साहिबला एक प्रदक्षिणा घालतात, आपल्या देवळातल्यासारखीच, गुरु उजव्या हाताला ठेवून. नवरा पुढे, नवरी पल्ला धरून मागे. फेरी घाईने संपवायची नसते, गाणं संपत आलं की ते समोर पोचायला हवेत असं सावकाश चालतात. परत येऊन माथा टेकतात, पुन्हा बसतात (काही ठिकाणी उभं राहूनच ऐकतात), मग दुसरी. पालखीच्या भोवती नवरीचे भाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ थोड्या थोड्या अंतरावर उभे असतात आणि तिला हात देत पुढच्या भावाकडे सोडतात, हा धर्माचा भाग नाही, घरची प्रथा आहे, आणि काही ग्रंथी ती करू देत नाहीत.

कितवी लाव चाललीये ते पाहुण्याला सहज ओळखता येतं, प्रत्येकीची सुरुवात ऐका. "हरि पहिलडी लाव", "हरि दूजडी लाव", "हरि तीजडी लाव", "हरि चउथडी लाव". आणि ओळींच्या शेवटी सारखं "बलि राम जीउ" येत राहतं, म्हणजे मी तुझ्यावरून ओवाळून टाकले.

बहुतेकांना वाटतं ही सप्तपदीसारखी नवरा-बायकोची एकमेकांना दिलेली वचनं आहेत. तसं नाही. चारही लावांमध्ये "मी तुला साथ देईन" असं एकदाही येत नाही. नवरी म्हणजे जीव, नवरा म्हणजे परमेश्वर, आणि जीव देवाकडे चार पायऱ्यांनी कसा जातो ते त्यात सांगितलंय. आपल्याकडच्या विराण्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे लगेच कळेल. गुरुसमोर नवरा आणि नवरी दोघंही त्या अर्थाने नवरीच आहेत, दोघांचा एकच धनी, आणि दोघांनी मिळून त्याच्याकडे चालायचं, म्हणून वचन एकमेकांना नाही.

पहिल्या लावेत संसारातलं कर्तव्य आहे. घर सोडून जंगलात जायचं नाही, प्रपंचात राहून धर्माने वागायचं, गुरुबाणीला वेद माना, नाम घ्या, पाप गळून पडतं. शेवटी नानक म्हणतो की पहिल्या लावेने कार्याला आरंभ झाला, तिथे शब्द "काजु" आहे, आणि लग्नाच्या नावातल्या "कारज"चा अर्थही तोच.

दुसरीत गुरु भेटतो. गुरु भेटल्यावर मनातली भीती जाते, आणि हउमै, म्हणजे मीपणा, त्याचा मळ धुतला जातो. आत-बाहेर सगळीकडे एकच हरि दिसायला लागतो आणि आत अनाहत नाद वाजतो. मला स्वतःला लग्नासाठी ही लाव सगळ्यात जवळची वाटते, दोन माणसं एका घरात राहायला लागली की पहिली अडचण मीपणाचीच येते.

तिसरीत मनात चाव आणि वैराग्य दोन्ही येतं. चाव म्हणजे ओढ, आतुरता. ऐकायला उलटं वाटतं, पण देवाची ओढ लागली की बाकीच्या गोष्टींची पकड आपोआप सुटते, तेच ते वैराग्य. संतांची संगत मिळाली हे भाग्य, आणि मग गाणं, बोलणं, मनात ठेवणं सगळं हरिचंच. ही लाव गाताना चांगले रागी आवाज थोडा चढवतात, लक्ष देऊन ऐकलंत तर जाणवेल.

चौथीत सहज. मन शांत झालं, हरि सापडला. आता शोधणं नाही, तळमळ नाही, गोड वाटतोय, मनाला जे हवं होतं ते मिळालं. नवरीच्या हृदयात नामाचं फूल उमलतं असं वर्णन आहे. चौथी फेरी पूर्ण करून दोघं माथा टेकून बसले की लग्न लागलं. टाळ्या वाजवू नका, शिट्ट्या तर नाहीच, फुलं उधळायची असतील तर आधी विचारा, बऱ्याच गुरुद्वाऱ्यांत नको म्हणतात. आपल्याकडे "सावधान" संपल्यावर जो एकदम गलका होतो तो इथे होत नाही, इथे सगळे परत गाणं ऐकायला लागतात. आईला तेच समजेना, ती मला हळूच विचारत होती, "अगं लागलं का? मग कोणी काही बोलत का नाही?"

लागलं, पण अजून उठायचं नाही. आता आनंद साहिबची सहा कडवी होतात, पहिली पाच आणि शेवटचं, ही तिसरे गुरु अमरदास यांची रचना आहे. मग मोठी अरदास, आणि आता मात्र सगळ्यांनी उठायचं, हात जोडून ग्रंथाकडे तोंड करून उभं राहायचं. मध्ये मध्ये सगळे "वाहेगुरू" म्हणतात, तुम्हालाही म्हणता येईल. शेवटी सगळे वाकून जमिनीला माथा लावतात. मग खाली बसायचं आणि हुकमनामा ऐकायचा, म्हणजे ग्रंथ उघडून डाव्या पानाच्या वरून जो शबद येईल तो वाचतात, तो गुरूंचा त्या दिवसाचा आदेश. अरदास आणि हुकमनाम्याच्या मध्ये उठून बाहेर जाणं सगळ्यात वाईट दिसतं, आणि पाहुणे नेमके तेव्हाच उठतात, कारण त्यांना वाटतं झालं.

हे सगळं गुरुद्वाऱ्यातच का, लॉनवर किंवा बीचवर का नाही, हे पण लोक विचारतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, अकाल तख्तने, गुरु ग्रंथ साहिब बीच आणि रिसॉर्टवर नेऊन आनंद कारज करायला मनाई केली, दरबार जिथे मान राहील तिथेच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या नांदेडच्या तख्त हजूर साहिबनेही नवरीने जड लेहंग्याऐवजी सलवार कमीज घालावी असं सांगितलं. त्यामागचं कारण मला पूर्ण पटलं, मी दहा किलोच्या लेहंग्यात एका नवरीला चार वेळा माथा टेकून उठताना बघितलंय, तिसऱ्या वेळी तिला दोन बहिणींनी काखेत हात घालून उचललं, आणि तिचं सगळं लक्ष लेहंग्याकडे होतं.

हुकमनाम्यानंतर बसल्या जागी कडाह प्रसाद येतो. कणीक, तूप आणि साखर तिन्ही समप्रमाणात, त्यामुळे आपल्या शिऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तुपाळ. बसूनच, दोन्ही हातांची ओंजळ करून, थोडी वर उचलून घ्यायचा. एका हाताने नाही, आणि "नको" म्हणायचं नाही, कमी हवा असेल तर "थोडा जी" म्हणा, देणारा समजतो. लगेच खायचा. हाताला राहिलेलं तूप गालिच्याला, पदराला पुसू नका, तिथे मोठी माणसं ते दोन्ही हातांवर चोळून जिरवतात, आईनेही तसंच केलं, आणि मग आम्ही लंगरकडे निघालो. तिथे डोकं झाकलेलंच ठेवायचं, पंगतीत खाली बसायचं, आणि पोळी वाढायला आला की ताटात टाकायची वाट बघायची नाही, दोन्ही हात पुढे करून हातात घ्यायची.